बॅच कोड बरोबर निघाला, तरी परफ्युम नकली असू शकतो का?

प्रश्न: एका साइटवर डिओर सोवाज 100 मिली 2,199 रुपयांना मिळतोय. रिव्ह्यूतल्या फोटोत दिसणारा बॅच कोड checkfresh.com वर टाकला, तर 2024चं उत्पादन दाखवतंय. म्हणजे ओरिजिनलच ना? मागवला तर आल्यावर काय बघू?

उत्तर: नाही, आणि या किमतीत मागवूच नका. भारतात सोवाजच्या 100 मिलीची अधिकृत किंमत दहा हजारांच्या वर आहे. सेलमध्ये दहा-वीस टक्के सुटतात, पण एवढी सूट कुठलाच खरा विक्रेता देऊ शकत नाही. ‘टेस्टर आहे म्हणून स्वस्त’ हेही ऐकू नका. टेस्टर म्हणजे दुकानात वास दाखवायला ठेवायची बाटली; ती साध्या खोक्यात, बऱ्याचदा टोपणाशिवाय येते आणि थोडीच स्वस्त पडते.

आता कोडबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. असल्या साइट कोडवरून फक्त तारीख काढून देतात. बाटली खरी की खोटी हे त्यांना कळत नाही. नकली माल काढणारे एका खऱ्या बाटलीवरचा कोड उचलतात आणि हजारो खोक्यांवर छापतात. कोडचा उपयोग उलट बाजूने होतो: तो खरेपणा सिद्ध करत नाही, खोटेपणा मात्र उघडा पाडतो. डिओरचा कोड चार अंक-अक्षरांचा असतो आणि पहिला अंक हा वर्षाचा शेवटचा अंक. उदाहरणार्थ, सोवाजचाच एलिक्सिर हा प्रकार बाजारात आला 2021मध्ये. त्यावर 8ने सुरू होणारा कोड दिसला, तर तो एलिक्सिर जन्मायच्या आधीचा, 2018चा ठरतो. विषय संपला. दुसरं म्हणजे खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा कोड एकच हवा. बाटलीवरचा कोड नखाने खरवडून निघाला, तरी शंका घ्या. आणि बारकोडखालचे तेरा आकडे म्हणजे बॅच कोड नव्हे, ही गल्लत नेहमी होते.

खोक्यावर आयातदाराचा स्टिकर शोधा. अधिकृत आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि सौंदर्यप्रसाधनाचा नोंदणी क्रमांक लागतो. परदेशातून बॅगेत आलेल्या खऱ्या बाटलीवर तो नसेल. पण विक्रेता ‘अधिकृत’ म्हणवत असेल आणि स्टिकर नसेल, तर प्रश्न विचारा. सेलोफेनवर फार विसंबू नका. ते गुंडाळायची मशीन कुणालाही मिळते.

खरी परीक्षा स्प्रेअरची. सोवाजचं टोपण चुंबकी आहे, जवळ नेलं की खटकन बसतं. ते काढा आणि स्प्रेअरच्या खालची धातूची कडी बघा. पुन्हा भरता न येणाऱ्या बाटलीत ही कडी कारखान्यातच मानेवर चहूबाजूंनी सारखी दाबून बसवतात. ती बोटांनी फिरत असेल, तिरकी असेल किंवा खालच्या कडेला पकडीचे ओरखडे असतील, तर सावध व्हा. हे मुद्दाम सांगतोय, कारण खऱ्या रिकाम्या बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरायचा धंदाही जोरात चालतो. तिथे काच खरी, कोड खरा, टोपण खरं. अशी बाटली पकडली जाते ती बऱ्याचदा या कडीवरच.

मग मागून टॉर्च धरून आतली नळी बघा. महागड्या परफ्युमच्या नळ्या बऱ्याचदा द्रवात बुडाल्यावर जवळजवळ दिसेनाशा होतात, कारण त्यांचं प्लॅस्टिक प्रकाश साधारण त्या द्रवाइतकाच वळवतं. नकलीत जाड, दुधी नळी असते, कधी इतकी लांब की तळाशी वळून बसते. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. पिचकारीसारखी धार आली किंवा तोंडाशी थेंब लोंबला, तर पंप हलका आहे.

सोवाजची काच गडद, त्यामुळे द्रवाचा रंग नीट कळत नाही. पांढऱ्या टिश्यूवर दोन-तीनदा फवारा आणि वाळू द्या. ठळक पिवळा-हिरवट डाग किंवा तेलकट वर्तुळ राहिलं, तर माल संशयास्पद. बाटलीत गढूळपणा किंवा तळाला गाळ असेल, तर अल्कोहोलमध्ये पाणी जास्त पडलंय किंवा गाळणी नीट झालेली नाही. मात्र नुसता रंग गडद झाला म्हणून ओरडू नका: व्हॅनिला असलेले खरे परफ्युमही वर्षागणिक तपकिरी होत जातात. बाटली हलवून बुडबुडे मोजायची युक्ती व्हिडिओंत फिरते, ती सोडून द्या.

पार्सल फोडताना न थांबवता एकच व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग बंद खोकं, त्यावरचा कोड, बाटलीच्या तळाचा कोड आणि शेवटी ती कडी. फवारा मारायच्या आधीच ही तपासणी उरका, कारण वापरलेली बाटली परत घ्यायला विक्रेते कां-कू करतात. दाद लागली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; तिथे हा व्हिडिओ आणि बिल दोन्ही कामी येतील.