स्ट्रिंग वॉकिंग की गॅप: आधी अँकर सोडा जागेवर

प्रश्न: बेअरबो रिकर्व्ह आहे, तिन्ही बोटं नॉकखाली, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला. ५० मीटरला बाणाचं टोक पिवळ्यावर ठेवलं की बाण पिवळ्यात बसतो, पण २०-३० मीटरला बाण टार्गेटच्या डोक्यावरून जातो. अँकर बदलू का? आणि स्ट्रिंग वॉकिंग शिकू की गॅप?

अँकर बदलू नका. २० मीटरला बाण वर जातोय तो जायलाच हवा. तुमचा पॉइंट-ऑन ५० ला आहे, म्हणजे टोक आणि बाणाची वाट दोन्ही ५० मीटरवर एकत्र येतात. त्याआधी सगळीकडे बाण नजरेच्या रेषेच्या वरच असणार. किती वर, ते एकदा मांडून बघा, अर्धं भांडण तिथेच मिटतं.

बाण नॉकपासून टोकापर्यंत ७४ सेंटिमीटर, वेग सेकंदाला ५५ मीटर धरू. ५० मीटरचा पॉइंट-ऑन यायचा तर पूर्ण ताणलेल्या स्थितीत नॉक डोळ्याच्या साधारण ६ सेंटिमीटर खाली असतो. नजर सरळ टोकावरून जाते आणि बाण खालून चढत तिला टोकापाशी छेदतो, म्हणून सुटल्यावर तो नजरेच्या वर राहतो आणि पुढे गुरुत्वाकर्षणामुळे परत खाली येतो. या मापांनी १० मीटरला तो ६५ सेंटिमीटर वर असतो, २० ला ९७, २५ ला १०१, ३० ला पुन्हा ९७, ४० ला ६५, ४५ ला ३६ आणि ५० ला शून्य. पलीकडे ६० मीटरला तो तब्बल ९७ सेंटिमीटर खाली पडतो. तुमचा वेग वेगळा असेल तर आकडे बदलतील, आकार हाच राहील: सगळ्यात मोठा फरक पॉइंट-ऑनच्या बरोबर निम्म्यावर, आणि तिथे तो जवळजवळ सपाट.

गॅपवाला हा फरक टार्गेटवर भरून काढतो. अँकर तोच, बोटं नॉकला लागून, आणि टोक २० मीटरला पिवळ्याच्या ९७ सेंटिमीटर खाली. स्ट्रिंग वॉकिंगवाला तोच फरक स्ट्रिंगवर भरतो. बोटं नॉकपासून खाली सरकवतो, अँकर मात्र चेहऱ्यावर त्याच जागी लावतो. त्यामुळे नॉक वर, डोळ्याच्या जवळ येतो, बाणाचा चढ कमी होतो आणि टोक थेट पिवळ्यावर ठेवता येतं. बोटांचं हे खाली सरकणं म्हणजे क्रॉल. वरच्या मापांनी दर मीटरला सुमारे १.२ मिलिमीटर सरकावं लागतं: ४० मीटरला १२ मिलिमीटर, ३० ला २४, २० ला ३६, १० ला ४८. पाच मीटरला हिशेबाने ५४ येतात, पण १० चाच क्रॉल वापरला तर बाण फक्त ४ सेंटिमीटर वर लागतो, त्यामुळे तिथे फार डोकं लावू नका.

आता गॅपवाले नेहमी काय ऐकवतात? अंतराचा अंदाज चुकला तरी गॅप सांभाळून घेतो, क्रॉल घेत नाही. हे खरं आहे, पण अर्धंच. समजा २० मीटरला तुम्ही २५ समजलात. क्रॉल २५ चा घेतला तर बाण १६ सेंटिमीटर वर. गॅपवाल्याने ९७ च्या जागी १०१ खाली धरलं, तर बाण फक्त ४ सेंटिमीटर खाली. जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा गॅप टार्गेटच्या अंगावर, सेंटिमीटरमध्ये मोजलेला असतो. अंतर कमी झालं की टार्गेट मोठं दिसतं आणि त्याच्याबरोबर तुमचे ९७ सेंटिमीटरही मोठे दिसतात, चूक आपोआप कमी होते. बरेच जण मात्र गॅप टोकापाशी मोजतात, म्हणजे ‘टोक आणि पिवळ्यामध्ये बाणाच्या दोन जाडींएवढी जागा’ असा. तो फक्त कोन झाला. मग तीच चूक तेवढाच, १६ सेंटिमीटरचा दणका देते, कारण टोकापाशी मोजलेला गॅप आणि क्रॉल ही भूमितीत एकच गोष्ट आहे. आपण नक्की कोणता गॅप मोजतो हे न सांगता ‘गॅप जास्त माफ करतो’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि मधला सपाट भाग संपला की टार्गेटवरचा गॅपही माफ करत नाही. ४० मीटरला ४५ समजलात तर ६५ च्या जागी ३६ धराल आणि बाण २९ सेंटिमीटर वर जाईल. क्रॉलमध्ये हीच चूक ३२ ची. काय फरक राहिला?

खरी अडचण तर वेगळीच आहे: हे ९७ सेंटिमीटर मोजायचे कुठे? ६० सेंटिमीटरच्या फेसवर मधून खालच्या कडेपर्यंत ३० होतात. उरलेले ६७ म्हणजे खाली आणखी एक पूर्ण फेस आणि वर थोडं, तेही स्टँडच्या पायांवर किंवा गवतात. थ्रीडीमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर मारताना, तर बघायलाच नको. प्राण्याचं मर्मस्थान जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल, तर २० मीटरला तुमचा नेम जमिनीच्या ४७ सेंटिमीटर खाली येतो. डोळा १६० सेंटिमीटर उंचीवर धरला, तर ती नजर सपाट जमिनीला साडेपंधरा मीटरवर टेकते. म्हणजे टोक प्राण्याच्या साडेचार मीटर अलीकडच्या मातीवर. तिथे एखादा दगड असला तर नशीब, नाहीतर एक मीटर नुसता डोळ्यांनी मोजायचा, त्यात दहा टक्के चूक झाली की दहा सेंटिमीटर गेले. वर जमीन चढती किंवा उतरती असली की मातीवरची ती जागाही सरकते. स्ट्रिंग वॉकिंगवाल्याचं टोक मर्मस्थानावरच असतं. त्याच्यासाठी जमीन नसल्यातच जमा.

म्हणून तुमच्या बेअरबोसाठी माझं उत्तर सरळ आहे: स्ट्रिंग वॉकिंग. पण क्रॉल अंदाजाने घ्यायचा नाही. टॅबची वरची कड नॉकच्या बुडाला लावा, टॅब स्ट्रिंगला चिकटवून सरळ उभा धरा, कडेपासून शिलाईचे टाके मोजा, हव्या त्या टाक्यापाशी अंगठ्याचं नख स्ट्रिंगवर दाबा आणि टॅबची वरची कड नखापर्यंत खाली आणून मग बोटं अडकवा. नख हलता कामा नये, कारण १ मिलिमीटरची चूक १८ मीटरला २.४ सेंटिमीटर होते. तिथल्या ४० सेंटिमीटरच्या फेसवर एक रिंग २ सेंटिमीटरची असते, म्हणजे गेली एक रिंग. ३० मीटरला तीच चूक ४ सेंटिमीटर आणि ५० ला जवळजवळ ७. स्वतःचे क्रॉल बसवतानाही हेच माप उलटं लावा. ३० मीटरला २४ मिलिमीटरने ग्रुप ८ सेंटिमीटर वर येत असेल, तर २६ करा. १.२ चा हिशेब सुरुवातीपुरता आहे. खोल क्रॉलमध्ये धनुष्य वेगळं वागतं आणि खुणा सरळ रेषेतून वाकतात, त्यामुळे प्रत्येक अंतर मारूनच पक्कं करा.

अँकरचं म्हणाल तर तो दोन्ही पद्धतींत तेवढाच महाग आहे. गॅपमध्ये बोटं, नॉक आणि चेहरा यांचं नातं कायम असतं. स्ट्रिंग वॉकिंगमध्ये बोटं आणि चेहरा यांचंच नातं कायम असतं, नॉक फिरतो. गोची अशी की खोल क्रॉलला बाण गालाशी, डोळ्याखाली येतो आणि माणूस नकळत मान मागे घेतो किंवा दात उघडतो. जबडा २ मिलिमीटर उघडला की ओठाचा कोपराही थोडा खाली जातो. तो अगदी पूर्ण २ मिलिमीटर गेला तर ३० मीटरला बाण ८ सेंटिमीटर वर. दातांवर दात ठेवा, सुळ्याजवळ तर्जनीचं टोक लागतंय याची खात्री करा, आणि क्रॉल कितीही असो, ती जाणीव बदलू देऊ नका. ग्रुप डावी-उजवीकडे घट्ट पण उभा लांबट येत असेल, तर ५० मीटरला, क्रॉल न घेता काही बाण मारा. अंतराच्या प्रमाणात तेवढाच लांबटपणा तिथेही दिसला तर दोष अँकरचा. नाही दिसला तर नखाचा, किंवा फक्त खोल क्रॉललाच हलणाऱ्या अँकरचा.

धनुष्यही त्यासाठी लावून घ्या. एकाच नॉकिंग पॉइंटवर भागत नाही, खालीही एक लागतो, नाहीतर बोटांच्या ओढीने बाण स्ट्रिंगवर खाली घसरतो. नॉकिंग पॉइंट काटकोनापेक्षा १२ मिलिमीटरच्या आसपास वर ठेवून सुरुवात करा. साध्या पकडीच्या मानाने हे बरंच वर वाटेल, पण खोल क्रॉलला बाणाचा मागचा भाग रेस्टवर आपटत असतो. खालच्या पिसावर घासल्याची खूण दिसली किंवा धनुष्याचा आवाज एकदम कर्कश झाला, तर हेच कारण. बिनपिसाचा बाण तुम्ही सगळ्यात जास्त वापरता त्या मधल्या क्रॉलवर जुळवा. सगळ्या क्रॉलवर तो सारखा उडणार नाही, आणि त्याच्यामागे लागून प्लंजर रोज फिरवू नका. गॅपवाल्याचं धनुष्य प्रत्येक अंतरावर एकसारखं सुटतं. हा मुद्दा त्यांचा, बिनतोड.

आता स्ट्रिंग वॉकिंगला ‘फसवणूक’ म्हणणाऱ्यांविषयी. वर्ल्ड आर्चरीच्या नियमांत बेअरबोला ते चालतं, टॅबवर एकसारख्या खुणाही चालतात, अंतरं लिहिलेली चालत नाहीत. आणि हेच लोक स्वतः काय करतात? पॉइंट-ऑन ५० वरून ३० ला आणण्यासाठी तर्जनीऐवजी मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावतात. नॉक दोनेक सेंटिमीटर वर येतो. माझ्या ३० मीटरच्या क्रॉलइतकाच, म्हणजे २४ मिलिमीटर वर आला, की त्यांचा सगळ्यात मोठा गॅप १०१ वरून ३६ सेंटिमीटर होतो. भूमिती तीच, फक्त स्ट्रिंगऐवजी चेहऱ्यावर. मग ते शुद्ध आणि हे अशुद्ध कसं?

तरीही तुम्ही ट्रॅडिशनल किंवा लाँगबो गटात उतरणार असाल तर वरचा सल्ला बाजूला ठेवा. तिथे बोटं नॉकला लागून आणि अँकर एकच, स्ट्रिंग वॉकिंग बाद. मग उंच अँकर पहिल्या दिवसापासून कायमचा ठरवा, गॅप टार्गेटवर सेंटिमीटरमध्ये शिका. पॉइंट-ऑन आणखी जवळ हवा असेल तर बाण लांब घ्या, पण ५ सेंटिमीटर लांबीने ५० चा पॉइंट-ऑन जेमतेम ४७ ला येतो आणि बाण मात्र लवचीक होतो, स्पाइन पुन्हा जुळवावा लागतो.