नोट्स मैत्रिणीच्या, स्वतःची वही कोरी

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी दहावीत आहे. तिची मैत्रीण बरेच दिवस शाळेत येत नाही. सर फळ्याचे फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकतात, ते पाहून आमची पोरगी रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत मैत्रिणीसाठी मोबाईलवर नोट्स टाईप करत बसते. स्वतःचा अभ्यास मागे पडून राहिला. रागावलं की रडते. मोबाईल काढून घेऊ का?
– एक आई, जि. यवतमाळ

ताई, मोबाईल आजच काढून घेऊ नका. तिने पाठवलेल्या नोट्सपैकी कोणतंही एक पान घ्या, फोन उलटा ठेवा आणि तिला ते तोंडी समजावून सांगायला सांगा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल. पोरगी कुठे अडखळते हे कळायला गणित यावं लागत नाही. असं का करायचं ते एका जुन्या केसवरून सांगते. नावं अर्थात बदललेली आहेत.

वैष्णवीला तिची आई कापूस वेचणीचा एक दिवस पाडून माझ्याकडे घेऊन आली होती. वेचणीच्या हंगामात मजुरी सोडून येणं म्हणजे प्रकरण घरात बरंच तापलेलं असणार. बाई बसायच्या आधीच बोलल्या, "मॅडम, इच्या सोताच्या वहीत काहीच नाई, अन् रात्रभर दुसरीसाठी टिकटिक करून रायते. तुमी समजावून सांगा, नाई तं मी तो मोबाईल चुलीत घालतो." पोरगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती.

मी रात्रीचंच का, हे आधी विचारलं. उत्तर साधं होतं. घरात स्मार्टफोन एक, तो वडिलांकडे, आणि वडील रात्री साडेआठ-नऊला घरी येणार. फोन हातात येईपर्यंत जेवणं उरकलेली, लहान भाऊ झोपलेला. म्हणजे आईला जे मोबाईलचं वेड वाटत होतं, ते निम्मं घरातल्या फोनचं वेळापत्रक होतं.

मग फोन मागून घेऊन आदल्या रात्रीचं काम पाहिलं. सरांनी चार फोटो टाकले होते. गणिताचा तास, वर्गसमीकरणांचा धडा. पहिल्या फोटोत उजवीकडच्या खिडकीचा उजेड फळ्यावर पडून एक पट्टा पांढराफटक झालेला. दुसऱ्यात सरांचाच खांदा आडवा. तिसऱ्यात खालच्या ओळीवरून डस्टर अर्धा फिरलेला. सरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. तास संपला की पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे असतात आणि फोटो काढण्याचं काम त्यांच्यावर कोणी लादलेलं नव्हतं, ते आपणहून करत होते. पण अशा फोटोवरून नोट्स करायच्या तर गाळलेल्या जागा अंदाजाने भराव्या लागतात. वैष्णवीने त्या भरल्या होत्या, अगदी मन लावून. ओळीला ओळ, ठळक मथळे, शेवटी एक हसरा चेहरा.

मी तिला कागद दिला. म्हटलं, "यातलंच एक सोडवून दाखव. x² + 5x + 6 = 0." तिने भराभर 5x चे 2x आणि 3x केले. मी विचारलं, "2 आणि 3 च का? 1 आणि 4 का नाही?" ती थांबली. मग म्हणाली, "सरांनी तसंच लिहिलं होतं ना मॅडम." गुणाकार 6 आणि बेरीज 5 यायला हवी म्हणून 2 आणि 3, ही ओळ तिने आदल्या रात्री स्वतः टाईप केली होती. बोटांतून गेली, डोक्यातून गेली नव्हती. टाईप करताना नजर एक-दोन शब्द उचलते, बोटं ते उतरवतात, की पुढचे शब्द. सगळं लक्ष काही सुटू नये यावर असतं, आणि तासाभराने आपण अभ्यास केला असं प्रामाणिकपणे वाटतं. आईला दिसलेली कोरी वही आणि पोरीला वाटणारा 'एवढा अभ्यास' या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आता मैत्रिणीची बाजू. पायलला सिकलसेल. आपल्या भागात हा आजार नवा नाही, त्यामुळे फार सांगत नाही. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं की हातपाय, पाठ असह्य दुखते आणि कधी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. तिच्याजवळ तिच्या आईचा लहान पडद्याचा जुना फोन. फळ्याचा फोटो त्यावर वाचताच यायचा नाही, म्हणून टाईप करण्याची कल्पना निघाली होती, आणि ती चांगलीच होती.

दोघींच्या घरून हो घेऊन पायलला फोन लावला. तिला म्हटलं, विवेचक काढून बघ गं त्याच गणिताचा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उणे 14 आलं मॅडम. ऋण आलं, म्हनजे मुळे वास्तव नाहीत."

वैष्णवी दचकली. तिने नोट्समध्ये सूत्र असं टाकलं होतं :

```
b2 - 4ac
```

वरचा लहान 2 कीबोर्डवर कसा काढायचा ते माहीत नव्हतं, म्हणून साधा 2. पायलने त्याचा अर्थ b गुणिले 2 असा लावला. दहा वजा चोवीस, उणे 14. खरं तर b चा वर्ग 25, त्यातून 24 गेले, विवेचक 1, आणि मुळे −2 व −3. ही चूक वाईट अशासाठी की उत्तर चुकीचं दिसतच नाही. ऋण विवेचकाचंही पुस्तकात रीतसर उत्तर आहे, त्यामुळे पोरीला शंका यायचं कारणच नव्हतं. पुस्तक तिच्या उशाशी होतं, त्यात सूत्र नीट छापलेलं होतं. उघडलं नव्हतं, कारण नोट्समध्ये सगळं आहे असं दोघींनी धरलं होतं.

पायल पुढे जे बोलली ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. रोज एवढं लांबलचक येतं, वाचून होत नाही, आणि न वाचल्याचं वैष्णवीला सांगायची लाज वाटते. "ते एवढी मेहनत करते, मी काय सांगू तिले?" म्हणजे एक रात्र जागून पाठवत होती आणि दुसरी न वाचता अंगठा दाखवत होती.

तिथेच बसून दोघींनी नवी रीत ठरवली, मी फक्त अडवत-सुचवत होते. शाळेतून आल्यावर, फोन घरी यायच्या आधी, वैष्णवीने वही आणि पुस्तक बंद ठेवून आज काय शिकवलं ते आठवून अर्ध्या पानात लिहायचं. मग वही उघडून लाल पेनने दुरुस्त करायचं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

रात्री फोन आला की त्या अर्ध्या पानावरून पाठवायचं. वर पुस्तकाचं पान क्रमांक. जे पुस्तकात आहे ते टाईप करायचंच नाही. सरांनी स्वतःहून घातलेलं उदाहरण, पुस्तकात गाळलेली एखादी पायरी, आणि गृहपाठ, एवढंच. इतिहास, विज्ञानातलं शब्दांचं काम टाईप करायचं. गणित मात्र हाताने, ठळक अक्षरात, एका कागदावर एकच उदाहरण, आणि जवळून काढलेला त्याचा फोटो. एकच उदाहरण असलं की लहान पडद्यावरही वाचता येतं आणि वर्गाचा 2 वरच राहतो. पायलने अंगठा पाठवायचा नाही. ते उदाहरण सोडवून शेवटचं उत्तर पाठवायचं, नाही जमलं तर कुठे अडलं ती ओळ.

सरांशीही बोलले. फळा पुसायच्या आधी, खिडकीसमोरून थोडं बाजूला सरकून एक फोटो, एवढीच विनंती. ते म्हणाले, कोणी पाहतं की नाही हेच मला माहीत नव्हतं.

एवढ्यावर प्रश्न सुटेल असं मला वाटलं होतं का? नाही. कारण रडण्याचा उलगडा अजून झाला नव्हता. आईला बाहेर बसवून वैष्णवीला विचारलं, एक दिवस नोट्स गेल्या नाहीत तर काय होईल? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिचे बाबा म्हणतात, आता शाळा पुरे. ते मागे पडली का तिची शाळा सुटते." पंधरा वर्षांची पोर रोज रात्री मैत्रिणीची शाळा आपल्या बोटांनी धरून बसली होती. तिला 'आधी स्वतःचं बघ' म्हणणं म्हणजे 'तिला सोडून दे' म्हणण्यासारखं तिच्या कानाला लागत होतं. आई जितकी रागवायची तितकी ती जास्त टाईप करायची.

हे काम मोठ्यांचं होतं, आणि ते मोठ्यांकडे गेलं पाहिजे हे मी तिला स्पष्ट सांगितलं. वर्गशिक्षिका पायलच्या घरी जाऊन आल्या. हजेरीसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडे दिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे, हे वडिलांना ठाऊकच नव्हतं. त्याचं प्रमाणपत्र काढून परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो, हे बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. वडील लगेच पाघळले असं नाही, पण 'दहावी होऊ द्या' एवढं म्हणाले. ते कळल्यावर वैष्णवीचं रात्रीचं काम कमी झालं, कोणी मोबाईल न काढता. आठवून लिहिण्याचा तिला सुरुवातीला भयंकर कंटाळा यायचा, अर्ध्या पानाच्या चार ओळी व्हायच्या. विज्ञानात तर ही रीत तिने मध्येच सोडलीही. गणितात टिकली, कारण पायलचं उत्तर चुकलं की हिला फोन करून समजावावं लागायचं, आणि न समजता समजावता येत नाही.

तुमच्या घरी ही तोंडी परीक्षा घेतल्यावर तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा झोप उडाली, जेवण कमी झालं, मैत्रीण शाळेत आली तरी हिचा जीव थाऱ्यावर नसला, तर शाळेतल्या समुपदेशकाकडे किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे आडपडदा ठेवू नका.

आणि एक, ताई. मैत्रीण शाळेत का येत नाही, ते तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला माहीत नसेल तर आज मुलीला तेवढंच विचारा. अभ्यासाचं उद्या बोला.