सोयाबीनचे 46 हजार आले तरी 590 रुपये दंड? आधी हिशोब करा, मग खातं बंद करा

प्रश्न: दादा, 12 डिसेंबरला मेसेज आला की नोव्हेंबरमध्ये मिनिमम बॅलन्स नव्हता म्हणून 590 रु कट. पण 18 नोव्हेंबरला सोयाबीनचे 46 हजार त्याच खात्यात आलते! बाकी महिनाभर 1200 पडून होते. खातं संभाजीनगरला नोकरीला होतो तेव्हाचं, मागच्या वर्षी जिंतूर शाखेत आणलं, इथं लिमिट 5 हजार सांगतात. वेबसाइटवर 'कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के किंवा 500, जे कमी ते' असं लिहिलंय, मला काही कळंना. खातं बंदच करून टाकू का?

उत्तर: भाऊ, बंद करायचं नंतर बघू. आधी मेसेज बाजूला ठेवा आणि पासबुक भरून आणा, किंवा अ‍ॅपमध्ये स्टेटमेंट बघा. एंट्री तिथं असेल तरच दंड खरा, आणि मेसेजमध्ये 'दंड माफीसाठी इथं क्लिक करा' असली लिंक असेल तर ती उघडूच नका, दंड माफ करायला बँक लिंक पाठवत नसते.

आता 46 हजारांचं. मोंढ्यातून पैसे आले आणि त्याच दिवशी तुम्ही हरभऱ्याचं बियाणं, खत, उधारी असं करत सगळे काढले असतील तर बँकेच्या लेखी ते आलेच नाहीत. कारण हिशोब रोज दिवसअखेर जो बॅलन्स शिल्लक राहतो त्याचा होतो, तीसही दिवसांचे आकडे बेरीज करून तीसनं भागायचे. तुमच्या खात्यात रोज रात्री 1200 च असतील तर सरासरी 1200. तेच 46 हजार फक्त तीन रात्री पडून राहिले असते ना, तर सरासरी 5800 झाली असती आणि एक रुपयाही लागला नसता! म्हणून 18, 19 आणि 20 तारखेच्या एंट्र्या नीट बघा.

समजा काढले त्याच दिवशी. मग 5000 मधून 1200 गेले, कमी पडले 3800, त्याचे 6 टक्के 228, वर 18 टक्के जीएसटी 41 रुपये 4 पैसे, म्हणजे 269 च्या आसपास. मग 590 कुठून आले? मी उलटं करून बघितलं. 590 म्हणजे 500 आणि त्यावर 90 जीएसटी, म्हणजे तुम्हाला वरची मर्यादाच लागलीय. लिमिट 10 हजार धरलं की 8800 कमी पडतात, त्याचे 6 टक्के 528 होतात आणि 500 ला अडकतात, तंतोतंत जुळतं! माझा अंदाज असा की शाखा बदलली पण खात्याचा प्रकार सिस्टीममध्ये अजून संभाजीनगरचाच आहे. शाखेत जाऊन एवढंच विचारा की माझं खातं कोणत्या स्कीम कोडमध्ये आहे आणि त्याला किती बॅलन्स लागतो. चूक निघाली तर जीएसटीसकट 320 रुपये 96 पैसे परत मागायचे.

याहून मोठा मुद्दा नोटिसचा आहे. रिझर्व्ह बँकेचा 2014 चा नियम आहे, 1 एप्रिल 2015 पासून लागू, की बॅलन्स कमी पडला तर बँकेनं आधी कळवायचं आणि भरायला निदान एक महिना द्यायचा, त्यानंतरच दंड. तुमचे जुने मेसेज शोधा. 12 डिसेंबरच्या महिनाभर आधीचा इशारा सापडला नाही तर 320 नाही, पूर्ण 590 मागा. अर्ज लेखी द्या, पोच किंवा तक्रार नंबर घ्या (तोंडी सांगितलेलं काउंटरवरच विरून जातं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय), आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

राहिलं बंद करायचं. दंड बरोबर निघाला तरी 1200 ठेवून चाललात तर दर महिन्याला 269, वर्षाला 3200 च्या वर जातात, आणि ज्याला पैसा हंगामातच दिसतो त्यानं 5 हजार अडकवून ठेवायचे हेही मला पटत नाही. पण खातं तोडण्याआधी myaadhaar च्या साइटवर 'Bank Seeding Status' बघा. पीएम किसान किंवा पीकविम्याचे पैसे याच खात्याला जोडलेले असतील आणि तुम्ही ते बंद केलं तर हप्ता लटकतो. माझ्या मते बंद करण्यापेक्षा हेच खातं बेसिक सेव्हिंग, म्हणजे बीएसबीडी, करून घ्या. अर्जावर होतं, मिनिमम बॅलन्सची अट नाही, एटीएम कार्डाची वार्षिक फी नाही आणि महिन्यात चार वेळा तरी पैसे काढणं फुकट. अट एकच, त्याच बँकेत तुमचं दुसरं सेव्हिंग खातं चालत नाही. फक्त 590 चा अर्ज आधी टाका, बदलाचा नंतर.