कॉपी रोखण्याच्या स्टाफ मीटिंगचं इतिवृत्त कसं लिहायचं? निर्णय, जबाबदारी आणि मुदत स्पष्ट हवी असं सांगितलंय, माझ्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय.

सभा क्रमांक, तारीख, अध्यक्ष, हजेरी हे तुम्हाला येतच असेल. घोळ होतो तो ठरावाच्या मजकुरात. मी नाशिकला एका शाळेत अकरा वर्षं सभेची वही लिहिली आणि शेवटी त्याच वहीने मला तोंडघशी पाडलं, म्हणून हे उत्तर.

2018 ची जानेवारी, दहावीची पूर्वपरीक्षा सोमवारी 22 ला सुरू होणार होती. मीटिंग शनिवारी, 13 ला, शाळा सुटल्यावर, म्हणजे निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे. भूगोलाच्या सरांना सिन्नरची बस धरायची होती, ते हजेरीला सही ठोकून पंधरा मिनिटांत सटकले. मग विषय निघाला मुलांच्या स्वच्छतागृहाचा, कारण सहामाहीला तिथे फ्लशच्या टाकीमागे गाईडची पानं सापडली होती. कोणीतरी म्हणालं भूगोलाचे सर बघतील, त्यांना सुपरव्हिजन कमी आहे, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि उपमुख्याध्यापकांनी मला सांगितलं, "लिहा, स्वच्छतागृहाची वेळोवेळी तपासणी करण्यात यावी. जबाबदारी, परीक्षा समिती." मी विचारलं सरांचं नाव आणि वेळ टाकू का, तर म्हणे नाव टाकलं की माणसं दुखावतात, मोघम असलेलं बरं. मी मुकाट लिहिलं.

गणिताच्या पेपरला त्याच टाकीमागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रमेयं निघाली, झेरॉक्सवर बारीक करून घेतलेली. भूगोलाचे सर म्हणाले मला कोणी सांगितलंच नाही, आणि ते खरंच होतं. समितीतल्या पाचही जणांना वाटलं होतं दुसरा कोणीतरी बघतोय. आणि तेच उपमुख्याध्यापक सगळ्यांसमोर मला विचारतात, "वही तुम्ही लिहिता ना, मग नाव नको का लिहायला?"

तो ठराव असा हवा होता: "प्रत्येक पेपरला मुलांचं स्वच्छतागृह 10.15 ला, म्हणजे मुलं वर्गात सोडण्याआधी, आणि पुढे 11.30 व 12.30 ला तपासायचं. टाकीमागची जागा, खिडकीची चौकट आणि कचऱ्याचा डबा बघायचा. जबाबदारी भूगोलाचे श्री. अमुक, ते रजेवर असल्यास क्रीडाशिक्षक श्री. तमुक. वेळ व सही परीक्षा कक्षातल्या रजिस्टरला. सुरुवात सोमवार 22 जानेवारी." एक काम, एक नाव, एक बदली माणूस. समितीचं नाव म्हणजे कोणाचंच नाव नाही.

मुदत मागून मोजत या. बाकांवर नंबर शनिवारी 20 ला टाकायचे तर बैठक आराखडा गुरुवारी 18 ला शिपायाच्या हातात पाहिजे, म्हणून 18 तारीखच लिहा. "परीक्षेपूर्वी" लिहिलंत की आराखडा रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो.

आणि सगळ्यात मोठी गोम, इतिवृत्त कायम होतं पुढच्या सभेत आणि पुढची सभा होते परीक्षा उरकल्यावर, म्हणजे चूक कळते तेव्हा निकाल लागलेला असतो. म्हणून कच्चं इतिवृत्त दुसऱ्याच दिवशी फिरवा आणि ज्याच्या नावावर काम आहे त्याची त्या ठरावासमोर वेगळी सही घ्या. हजेरीची सही म्हणजे काम मान्य असल्याची सही नव्हे, आमचे भूगोलाचे सर त्याच फटीतून सुटले.

हां, एक राहिलं, सगळंच वहीत लिहू नका. ती ऑफिसच्या कपाटात असते, कोणीही चाळतं, त्यामुळे संशयित मुलांची नावं आणि अचानक फेरी कधी मारणार ते त्यात नको (तपासणीच्या ठरलेल्या वेळा चालतील, त्या मुलांना दोन दिवसांत कळतातच). बोर्डाच्या केंद्राची मीटिंग असेल तर मंडळाच्या सूचना वरचढ, आणि कृपा करून जुन्या वर्षांचं इतिवृत्त उतरवू नका. 2023 पासून पेपर दहा मिनिटं आधी देणं बंद झालंय, वेळ शेवटी वाढवून देतात, जुनं पान उतरवलं की जुनीच वेळ येते. कॉपी रोखायची मीटिंग आणि इतिवृत्तच कॉपी!

ठराव संपला की खाली उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारून सही करा. मी मारली नव्हती. त्या प्रकारानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ठराव 4 खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं, "इथे भूगोलाच्या सरांचं नाव बसतंय बघा, त्याच पेनने घाला." मी नाही घातलं. पुढच्या सभेला वही चित्रकलेच्या मॅडमकडे होती.