सामायिक मेलबॉक्स: स्टाफला द्यायच्या परिपत्रकात काय लिहावं?

प्रश्न: आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात सहा जण एकच मेलबॉक्स वापरतात. कोणता मेल कोणाचा, कॅटेगरी कशा लावायच्या आणि दर आठवड्याची सफाई, याचे नवे नियम स्टाफला कळवायचे आहेत. परिपत्रकात काय लिहू?

उत्तर:

पहिलंच वाक्य असं लिहा: "मेल वाचलेला दिसतो म्हणजे तो कोणीतरी हातात घेतला आहे, असं समजू नये." आउटलुकच्या सामायिक मेलबॉक्समध्ये एकानं मेल उघडला की तो सगळ्यांनाच वाचलेला दिसतो, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो.

मी आर्वीकडे अशाच एका कंपनीचं ऑफिस सांभाळते. नागपूरच्या एका दालमिलनं तुरीच्या 200 कट्ट्यांचा ओलावा आणि भाव विचारला होता. गोदामाच्या भाऊंनी मेल वाचला आणि भाव हिशेबाच्या ताई कळवतील म्हणून सोडून दिला. ताईंना तो वाचलेला दिसला, म्हणून भाऊंनी उत्तर दिलं असेल असं त्यांनी धरलं. मिलनं माल दुसरीकडून उचलला. दोघंही कामाचे पक्के आहेत. मेल कोणाचा, हे मेलवर कुठंच लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

म्हणून कॅटेगरी माणसाच्या नावाची ठेवा. "गोदाम" किंवा "हिशेब" अशी कामाची नकोच, कारण गोदामात दोघं बसत असतील तर प्रश्न तिथंच राहतो. स्टाफ तूर, चना, कापूस, बँक, अनुदान अशा वीस कॅटेगरी मागेल. तेवढं ऐकू नका. विषयाचा मेल सर्चमध्ये सापडतो, जबाबदार माणूस सापडत नाही. नावांखेरीज एकच कॅटेगरी पुरते: "वाट पाहतोय", म्हणजे आपण उत्तर दिलं आहे आणि समोरच्याचं यायचं आहे.

ही यादी एकाच माणसानं बनवायची, आणि ती सामायिक मेलबॉक्समधल्याच मेलवर राइट क्लिक करून, Categorize, मग All Categories इथून. स्वतःच्या मेलबॉक्समध्ये बनवली तर ती इतरांच्या यादीत येत नाही.

परिपत्रक काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. सामायिक पत्त्यावरून पाठवलेलं उत्तर सेटिंग बदललेलं नसेल तर पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या Sent Items मध्येच राहतं, बाकीच्यांना दिसत नाही. तुमचं मायक्रोसॉफ्ट 365 सांभाळणाऱ्याकडून हे करून घ्या (पत्ता तुमचा टाका):

```
Set-Mailbox office@example.com -MessageCopyForSentAsEnabled $true
```

दुसरी गोष्ट डिलीटची. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये सामायिक मेलबॉक्समधला मेल पुसला की तो पुसणाऱ्याच्याच Deleted Items मध्ये जातो. मग बाकीचे शोधत बसतात. त्यामुळे सफाई म्हणजे पुसणं नव्हे, हे परिपत्रकात स्पष्ट लिहा.

मजकूर साधारण असा:

"येत्या सोमवारपासून रोज सकाळी 11 पर्यंत पाळीवरची व्यक्ती प्रत्येक नव्या मेलवर एक नाव लावेल. ज्याचं नाव, उत्तर त्याचंच. माहिती दुसऱ्याकडून घ्यावी लागली तरी नाव बदलणार नाही. मेल आपला नसेल तर नाव काढून टाकू नये. योग्य व्यक्तीशी बोलून तिचं नाव लावावं. काम संपलं की मेल 'झाले' फोल्डरमध्ये हलवावा. मेल कोणीही डिलीट करू नये. दर शनिवारी 4 वाजता अर्धा तास सगळ्यांनी मिळून इनबॉक्स पाहायचा."

दालमिलचा तोच मेल आता आला तर पाळीवरची व्यक्ती ताईंचं नाव लावेल, कारण शेवटी भाव ताईच कळवणार. भाऊ ओलावा मोजून आकडा ताईंना देतील, आणि उत्तर गेलं की ताई "वाट पाहतोय" लावतील.

शनिवारी तीनच गोष्टी बघा. बिननावाचा मेल एकही उरता कामा नये. सात दिवसांहून जुन्या "वाट पाहतोय" मेलवर त्या माणसानं तिथंच फोन लावायचा. आणि संपलेलं "झाले"मध्ये गेलं का, ते पाहायचं. एकाच नावाखाली मेल साचत असतील तर त्याला रागावण्याआधी कामाची वाटणी बघा. खरेदीच्या दिवसांत गोदामाच्या माणसाला कंप्युटरसमोर बसायलाच मिळत नाही. वार तुमच्या बाजार समितीचा जोर कमी असेल तो निवडा.

जुना ढीग मात्र कोणाला निवडायला लावू नका. एक तारीख ठरवा, त्याआधीचं सगळं "जुने" फोल्डरमध्ये टाका, आणि त्यात काही अडकलं आहे का हे फक्त सहा जणांना तोंडी विचारा. आमच्याकडे लोकांनी नियम मानले त्याला हे मोठं कारण होतं, पहिल्याच सोमवारी इनबॉक्स हाताशी आला.

एक ओळ रजेसाठी ठेवा: लग्नाला, पेरणीला किंवा कशालाही जाणाऱ्यानं निघण्याआधी आपल्या नावाचे मेल दुसऱ्याच्या नावावर करावेत, आणि ते त्याला सांगूनच.