सिग्नलजवळच्या पट्ट्या, बाण आणि झेब्रा कसे वाचायचे?

प्रश्न : नुकतंच शिकाऊ लायसन्स मिळालंय. घराजवळच्या सिग्नलचा फोटो जोडलाय. तुटक पट्ट्या पुढे अखंड का होतात? बाण कोणासाठी? आणि झेब्राच्या आधी ती जाड आडवी पट्टी कशाला?

उत्तर : फोटो खालून वर वाचा, म्हणजे गाडी ज्या क्रमाने पुढे जाईल त्याच क्रमाने.

अगदी खाली लेनमधल्या पट्ट्या तुटक आहेत. तिथे आरसा बघून, इंडिकेटर देऊन लेन बदलता येते. थोडं वर पट्टीचे तुकडे आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांची तुलना करा. फोटोत लांबचं सगळंच आखूड दिसतं, म्हणून तुकडा त्याच्या शेजारच्याच मोकळ्या जागेशी ताडून बघा. सुरुवातीला मोकळी जागा तुकड्यापेक्षा मोठी आहे, पुढे ती लहान झालीये. अखंड पट्टी जवळ आल्याची ही सूचना आहे. अखंड पट्टी सुरू झाली की लेन बदलायची नाही.

बाण त्या त्या लेनमधल्या प्रत्येक गाडीला लागू असतो. तुमच्या फोटोत डावीकडच्या लेनमध्ये फक्त डावा बाण आहे, मधलीत सरळ आणि उजवीकडचीत उजवा. समजा तुम्ही डाव्या लेनमध्ये आहात आणि सरळ जायचंय. पहिला बाण दिसतो तिथे पट्टी अजून तुटक आहे, तेव्हाच मधल्या लेनमध्ये या. उजव्या खांद्यावरून एकदा नजर टाकाच, कारण नेमक्या त्या जागी आलेली दुचाकी आरशात दिसत नाही. अखंड पट्टी लागेपर्यंत जमलं नाही, तर डावीकडे वळा आणि पुढून फिरून या. चौकात ऐनवेळी सरळ घुसलात तर मधल्या लेनमधून सरळ जाणारा तुमच्यावर येऊ शकतो. लाल सिग्नलला मागचे हॉर्न वाजवतील, पण चुकीच्या लेनमधून सुटायची घाई करू नका.

ती जाड आडवी पट्टी म्हणजे स्टॉप लाइन. गाडीचं नाक तिच्या अलीकडे थांबलं पाहिजे, झेब्राच्या तोंडाशी नाही. नवीन चालकाला इथे अंदाज येत नाही, कारण बॉनेट पुढचा रस्ता झाकतं. पट्टी बॉनेटखाली दिसेनाशी होते तेव्हा नाक अजून तिच्या अलीकडेच असतं; तिथेच थांबा. पट्टी बाजूच्या आरशाच्या रेषेत दिसली, तर नाक केव्हाच पलीकडे गेलेलं असतं. रिकाम्या रस्त्यावर एकदा थांबून, खाली उतरून हे अंतर डोळ्यांनी बघा. प्रत्येक गाडीत ते वेगळं असतं.

झेब्राबद्दल दोनच गोष्टी. सिग्नल नसलेल्या झेब्रावर माणूस असेल तर गाडी थांबवायची, पहिला हक्क त्याचा. 2017 च्या वाहनचालन नियमांत हे स्पष्ट आहे. आणि सिग्नल हिरवा असला तरी पुढे गाड्या तुंबल्या असतील तर झेब्रावर चढायचं नाही. पलीकडे तुमची अख्खी गाडी मावेल एवढी जागा झाली की मगच निघा.

फोटोत डाव्या कडेला झेब्राचे पट्टे झिजलेत. तिथूनही माणसं ओलांडतात, तेव्हा तो भाग झेब्राच समजा.