केसपेपरमधले ‘३ वर्षं’ आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न: बाबांचं (६२) हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठाण्यात पुढच्या आठवड्यात आहे. अंदाज १,६०,००० रुपये, रूम ७,०००ची. पॉलिसी ५ लाखांची, २८ महिने जुनी, रूमभाड्याची मर्यादा १ टक्का. सर्जनच्या केसपेपरवर ‘उजव्या जांघेत सूज, ३ वर्षं’ असं आहे. बाबा म्हणतात सूज ४ महिन्यांची, ३ वर्षं मधुमेहाची; तो पॉलिसी घेताना सांगितला होता. डेस्कवाले म्हणतात कॅशलेस अडकेल. एफडी मोडून बिल भरू आणि नंतर क्लेम करू का?

उत्तर: एफडी तूर्त मोडू नका. बिल आधी भरलंत तरी क्लेमला हाच केसपेपर जोडावा लागेल आणि हाच प्रश्न तेव्हा येईल. फरक इतकाच की तोवर पैसे तुमचे अडकलेले असतील.

अडचण साधी आहे. हर्नियासाठी बहुतेक पॉलिसींत २४ महिन्यांची प्रतीक्षा असते, ती तुमची संपली (तुमच्या कागदावर तपासा). पण ३ वर्षांची सूज म्हणजे पॉलिसीच्या आधीची, आणि ती प्रपोजल फॉर्ममध्ये नव्हती. कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढणारच.

म्हणून सर्जनना भेटा. खाडाखोड करून आकडा बदलू नये, त्यानेच संशय येतो. लेटरहेडवर दोन ओळी पुरेत: सूज ४ महिन्यांपासून, मधुमेह ३ वर्षांपासून, पहिल्या तपासणीची तारीख, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. फॅमिली डॉक्टरांची जुनी चिठ्ठी किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत असेल तर उत्तम. मात्र सूज खरोखर ३ वर्षांची असेल तर हे पत्र मागू नका. तेव्हा बिलाची तयारी स्वतःच ठेवावी लागेल.

कॅशलेसची आगाऊ मंजुरी मागणाऱ्या प्री-ऑथच्या फॉर्ममध्ये डॉक्टरांचा भाग वेगळा असतो. त्यातला आजाराचा कालावधी सर्जनच्या पत्राशी, आणि निदान, ऑपरेशनचं नाव, बाजू केसपेपरशी शब्दशः जुळते का, डेस्कवर बसून वाचा. ‘दुर्बिणीने, जाळीसह’ हे दोन्हीकडे हवं. जाळीची किंमत खर्चाच्या अंदाजात वेगळी दाखवायला सांगा. दाखल होण्याआधी दोन-तीन दिवस फॉर्म जाऊ द्या. २०२४च्या नियमानुसार कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो, पण शंका निघाली तर उत्तराला तुमचेच दिवस जातात.

खरी गळती रूममध्ये आहे. तुमची मर्यादा दिवसाला ५,०००. रूम ७,०००ची घेतलीत तर सर्जनची फी, ओटी यांसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, जाळी, तपासण्या धरून ४०,००० वगळले, तर उरलेल्या १,२०,०००पैकी सुमारे ३४,००० तुमच्या खिशातून. ५,०००ची रूम मिळते का, आजच विचारा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही, नंतर कागद देऊन मागता येतो. तशी वेळ आलीच तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. वापराल तेवढ्याच रकमेवर, तेवढ्याच दिवसांचं व्याज.